दोन क्रिएटिव्हची स्प्लिट टेस्ट: सारखा खर्च, आधी ठरवलेला आकडा आणि मगच निकाल

नवीन माणूस टेस्ट साधारण अशी करतो: एकाच ॲड सेटमध्ये, म्हणजे एकच बजेट आणि एकच प्रेक्षक असलेल्या गटात, दोन जाहिराती टाकतो, मोहीम सुरू करतो आणि चार दिवसांनी रिपोर्ट उघडून जिला जास्त ऑर्डर आल्या तिला विजेती ठरवतो. दुसरी बंद. काम झालं.

यात अडचण अशी आहे की ॲड सेटमधलं बजेट कोणत्या जाहिरातीला किती द्यायचं हे प्लॅटफॉर्मचा अल्गोरिदम ठरवतो, आणि ते तो फार लवकर ठरवून टाकतो. सुरुवातीच्या काही तासांत एकीला चार क्लिक जास्त पडले की पुढचा पैसा तिकडेच वळू लागतो. आठवड्याअखेरीस एकीवर नव्वद टक्के खर्च झालेला असतो, दुसरीवर दहा. मग दुसरी वाईट होती म्हणून मागे पडली, की मागे पडली म्हणून वाईट दिसतेय, हे त्या रिपोर्टमधून कधीच कळत नाही. अल्गोरिदमला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचं काम ऑर्डर आणणं आहे, तुलना करणं नाही. तुलना आपल्याला हवी असेल तर ती आपणच मांडावी लागते.

मांडण्याच्या रीती बऱ्याच आहेत. इथे मी एकच सांगतो, कारण ती नवख्याला मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने निभावता येते: दोन्ही क्रिएटिव्हवर, म्हणजे जाहिरातीच्या दोन रूपांवर, सारखाच खर्च करायचा, दोन्हीकडच्या ऑर्डर मोजायच्या आणि दोन आकड्यांतला फरक पुरेसा मोठा आहे का ते पाहायचं. खर्च सारखा असला की प्रति ऑर्डर खर्चाची तुलना म्हणजे ऑर्डरच्या संख्येचीच तुलना. टक्केवारीच्या गुंत्यात शिरावंच लागत नाही.

उदाहरण एकच धरू. चित्रकलेच्या एका ऑनलाइन वर्गाची जाहिरात आहे आणि नोंदणी झाली की ती एक ऑर्डर. क्रिएटिव्ह ‘अ’ म्हणजे शिक्षिका कॅमेऱ्याकडे बघून वर्गाबद्दल बोलते असा छोटा व्हिडिओ. क्रिएटिव्ह ‘ब’ म्हणजे एकाच विद्यार्थ्याची दोन चित्रं शेजारी शेजारी, पहिल्या आठवड्यातलं आणि तिसऱ्या महिन्यातलं.

पायरी १: काय मोजणार ते आधी लिहून ठेवा

टेस्ट सुरू होण्याआधी एका कागदावर किंवा शीटमध्ये चार ओळी लिहा: कोणत्या दोन क्रिएटिव्ह, कोणता एक आकडा निकाल देणार, किती ऑर्डर जमल्यावर थांबणार, आणि बरोबरी झाली तर काय करणार. कंटाळवाणं काम आहे, पण नंतर मन फिरू नये म्हणून ते लागतं. रिपोर्टमध्ये वीस कॉलम असतात. ‘अ’ ऑर्डरमध्ये मागे पडली की आपली नजर आपोआप क्लिककडे जाते, तिथेही जमलं नाही तर व्हिडिओ किती टक्के पाहिला गेला त्याकडे. वीस कॉलम चाळले तर एखाद्यात कोणीतरी जिंकलेलं दिसणारच.

आकडा शक्यतो पैशाच्या जवळचा निवडा: ऑर्डर, नोंदणी, भरलेला फॉर्म. क्लिकवर निकाल देण्याचा मोह होतो, कारण क्लिक भरपूर येतात आणि टेस्ट दोन दिवसांत संपते. पण क्रिएटिव्हच्या बाबतीत क्लिक विशेष फसवतात. नुसती उत्सुकता चाळवणारं चित्र क्लिक खेचतं, आणि ती माणसं लँडिंग पेजवर येऊन तशीच परत जातात. किंमत स्पष्ट लिहिलेल्या जाहिरातीला क्लिक कमी पडतात, पण आलेला माणूस तयारीने आलेला असतो. क्लिकने निकाल लावला तर तुम्ही हमखास पहिली ठेवाल आणि दुसरी फेकून द्याल.

ऑर्डर फारच कमी येत असतील तर एक पायरी वरचा आकडा घ्यायला हरकत नाही, म्हणजे कार्टमध्ये टाकणं किंवा फॉर्म उघडून भरायला लागणं. फक्त आधी जुन्या मोहिमा काढून बघा, तो आकडा वर गेला तेव्हा ऑर्डरही वर गेल्या होत्या का. गेल्या नसतील तर तो आकडा उपयोगाचा नाही.

आणि एका माणसाची एकच ऑर्डर मोजा. पुढे जे गणित येतं ते प्रत्येक ऑर्डर स्वतंत्र आहे असं धरून चालतं. एकाच घरातून पाच नोंदण्या आल्या तर तो एकच निर्णय असतो, पाच नव्हेत.

पायरी २: मैदान सपाट करा

मेटावर ॲड्स मॅनेजरमध्ये A/B Test चा पर्याय आहे. तो वापरला की प्लॅटफॉर्म लोकांचे दोन गट पाडतो: एका गटाला फक्त ‘अ’ दिसते, दुसऱ्याला फक्त ‘ब’. दोन्ही बाजूंना सारखं बजेट द्या. हाताने दोन ॲड सेट करून प्रत्येकात एक जाहिरात टाकली तरी खर्च सारखा राहतो, पण तेव्हा एकाच माणसाला दोन्ही जाहिराती दिसू शकतात. ‘अ’ पाहून मन वळलेला माणूस ‘ब’वर क्लिक करतो आणि श्रेय ‘ब’ घेऊन जाते. म्हणून साधन उपलब्ध असेल तर तेच वापरा.

गूगल ॲड्सवर Experiments हा विभाग त्यासाठी आहे. जाहिराती आलटून पालटून दाखवण्याची ‘Do not optimize: Rotate ads indefinitely’ ही सेटिंगही तिथे सापडेल, पण स्मार्ट बिडिंग, म्हणजे बोली आपोआप लावण्याची सोय, चालू असेल तर गूगल ती सेटिंग बाजूला ठेवून आपल्याच मर्जीने जाहिरात निवडतं. हे माहीत नसल्यामुळे बरेच जण आपली टेस्ट समसमान चालली आहे या समजात राहतात.

यानंतर बारीक गोष्टी येतात, आणि निम्म्या टेस्ट तिथेच बिघडतात. क्रिएटिव्ह सोडून बाकी सगळं तंतोतंत एक हवं: प्रेक्षक, जागा, बोली लावण्याची पद्धत, लँडिंग पेज, सुरू होण्याची वेळ. दोन्ही जाहिराती नव्याने तयार केलेल्या हव्यात. ‘अ’ तीन महिने चालू होती, तिच्याखाली लाइक आणि कमेंट साचल्या आहेत, आणि ‘ब’ कालच केली, असं असेल तर तुम्ही दोन क्रिएटिव्ह तोलत नसून एक जुनी पोस्ट आणि एक नवी पोस्ट तोलताय. उलटही घडतं. ‘अ’ बघून लोक कंटाळलेले असतात आणि ‘ब’ केवळ नवी आहे म्हणून उजळ दिसते. दोन्ही कॉपी करून नव्या जाहिराती म्हणून चढवा, आणि वेबसाइटवर येऊन गेलेले व आधीचे ग्राहक प्रेक्षकांतून वगळा. त्याच लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या तुमच्या इतर मोहिमा एकतर बंद ठेवा, नाहीतर टेस्ट संपेपर्यंत त्यांना हात लावू नका.

ऑर्डर कुठून आली हे प्लॅटफॉर्मच्या भरवशावर सोडू नका. दोन्ही जाहिरातींच्या लिंकला वेगळी खूण लावा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या नोंदीतही ‘अ’ आणि ‘ब’ वेगळ्या मोजता येतील:

```
?utm_campaign=test1&utm_content=a
?utm_campaign=test1&utm_content=b
```

पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदा ताळा घ्या. रिपोर्टमध्ये ४१ नोंदण्या आणि तुमच्या रजिस्टरमध्ये ३३ असतील तर बहुतेक वेळा धन्यवादाचं पान रिफ्रेश केलं की पिक्सेल, म्हणजे साइटवर ऑर्डर मोजणारा प्लॅटफॉर्मचा कोड, पुन्हा मोजतोय. थोडा फरक राहणारच, कारण जाहिरात नुसती पाहून नंतर थेट साइटवर आलेल्या माणसालाही प्लॅटफॉर्म आपल्या खात्यात धरतो. मेटाची नेहमीची मोजणी क्लिकनंतर ७ दिवस आणि पाहिल्यानंतर १ दिवस अशी असते. टेस्टसाठी मी फक्त क्लिकवरून आलेल्या ऑर्डर धरायला सांगेन. व्हिडिओ आणि स्थिर चित्र यांत ‘नुसतं पाहिलं’ याचा अर्थच वेगळा होतो, त्यामुळे तो आकडा दोन्हीकडे सारखा तोलला जाईल याची खात्री देता येत नाही.

आणि ‘दोन क्रिएटिव्हमध्ये एकच गोष्ट बदला’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो अर्धाच खरा आहे. एकच गोष्ट बदलली तर जिंकण्याचं कारण कळतं, हे बरोबर. पण मथळ्यातला एक शब्द किंवा बटणाचा रंग बदलल्याने पडणारा फरक इतका बारीक असतो की तो पकडायला हजारो ऑर्डर लागतात, आणि तितक्या नवख्या खात्यात नसतात. आपल्या उदाहरणात व्हिडिओ आणि चित्र पूर्णपणे वेगळे आहेत. कारण कळणार नाही, पण कोणतं चालतं ते कळेल. सुरुवातीला तेवढं पुरे.

पायरी ३: किती ऑर्डर लागतील

आता खरा प्रश्न. समजा तीन दिवसांनी ‘अ’ला २७ आणि ‘ब’ला १४ नोंदण्या आल्या. जवळजवळ दुप्पट! निकाल लागला का?

दोन्ही जाहिराती तोडीस तोड असत्या तर प्रत्येक नवी ऑर्डर नाणेफेकीसारखी असती: छापा पडला तर ‘अ’, काटा पडला तर ‘ब’. नाणं शंभर वेळा उडवलं तर बरोबर पन्नास-पन्नास क्वचितच येतं. छापे आणि काटे यांच्यातला फरक नुसत्या योगायोगाने दहापर्यंत सहज जातो. चारशे वेळा उडवलं तर वीसपर्यंत. म्हणजे योगायोगाचा हेलकावा एकूण संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. आपला फरक या हेलकाव्याच्या किती पट आहे, एवढंच बघायचं. शीटमध्ये ‘अ’ची संख्या B2 मध्ये आणि ‘ब’ची C2 मध्ये असेल तर:

```
=ABS(B2-C2)/SQRT(B2+C2)
```

उत्तर २ च्या आसपास किंवा जास्त आलं, तर इतका फरक निव्वळ योगायोगाने शंभरात पाचेक वेळाच दिसतो. आकडेशास्त्रात ज्याला ९५ टक्के खात्री म्हणतात ती साधारण हीच. मात्र हा अर्थ एकाच अटीवर खरा ठरतो: तुम्ही आधी ठरवलेल्या एकूण संख्येला पोहोचून एकदाच मोजलंत तर. २७ आणि १४ साठी फरक १३, बेरीज ४१, वर्गमूळ सुमारे ६.४, उत्तर २.०३. सूत्राकडे पाहिलं तर ‘अ’ जिंकली! पण ४१ हा आकडा आधी कोणी ठरवला होता? कोणीच नाही. तीन दिवस झाले म्हणून आपण डोकावलो, इतकंच. याकडे पुढच्या पायरीत येऊ.

आधी ठरवायची संख्या कोणत्या आकाराचा फरक पकडायचा आहे त्यावर अवलंबून असते. खाली ‘एकूण’ म्हणजे दोन्ही क्रिएटिव्हच्या ऑर्डर मिळून. खरोखर तेवढा फरक असेल तर पाचपैकी चार टेस्टमध्ये तो पकडला जाईल, या हिशेबाने हे आकडे काढले आहेत.

| चांगली क्रिएटिव्ह किती सरस | लागणाऱ्या एकूण ऑर्डर (सुमारे) |
|---|---|
| दुप्पट | ७० |
| ५० टक्के | २०० |
| ३३ टक्के | ४०० |
| २५ टक्के | ६४० |
| १० टक्के | ३,४६० |

शेवटच्या ओळीकडे नीट बघा. फरक निम्मा केला की लागणाऱ्या ऑर्डर दुप्पट होत नाहीत, जवळपास चौपट होतात. दहा टक्क्यांचा फरक ओळखायला साडेतीन हजार ऑर्डर लागत असतील, तर रोज दहा-पंधरा ऑर्डर येणाऱ्या खात्याने त्या प्रश्नाच्या वाटेलाच जाऊ नये. उत्तर येईपर्यंत दोन्ही क्रिएटिव्ह जुन्या झालेल्या असतील.

हिशेब उलट्या बाजूनेही करता येतो आणि व्यवहारात तोच सोपा पडतो. एका नोंदणीला सध्या किती खर्च येतो ते तुम्हाला माहीत आहे. टेस्टसाठी किती पैसे बाजूला काढता येतील त्याला त्या खर्चाने भागा, की परवडणाऱ्या एकूण ऑर्डरची संख्या मिळते. आपल्या वर्गाच्या मालकांना ४०० नोंदण्यांइतकं बजेट परवडतं असं धरू. तक्ता सांगतो की ३३ टक्के किंवा त्याहून मोठा फरक असेल तर तो बहुधा दिसेल, त्याहून लहान असेल तर सुटण्याची शक्यता मोठी आहे. हे मान्य असेल तर सुरू करा. नसेल तर बजेट वाढवा किंवा आणखी वेगळी क्रिएटिव्ह करा. परवडणारा आकडा ७० च्याही खाली येत असेल, तर टेस्टच्या भानगडीत न पडता आपल्या समजुतीने चांगली वाटेल ती जाहिरात चालवलेली बरी.

पायरी ४: टेस्ट चालू असताना

रिपोर्टमध्ये रोज डोकावायची सवय सगळ्यांनाच असते. नुसतं डोकावल्याने काही बिघडत नाही. फरक दिसला की थांबायचं, असं ठरवून डोकावलं की बिघडतं. दोन्ही क्रिएटिव्ह अगदी सारख्या असल्या तरी टेस्टच्या काळात समान अंतराने पाच वेळा तपासून, कधीही उत्तर २ च्या जवळ गेलं की थांबलात, तर खोटा विजेता मिळण्याची शक्यता पाच टक्के राहत नाही, १४ टक्के होते. दहा वेळा तपासलंत तर १९ टक्के, वीस वेळा तर २५ टक्के. रोज सकाळी चहाबरोबर रिपोर्ट बघणारा माणूस तीन आठवड्यांत इथवर पोहोचतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, ४०० होईपर्यंत आकडे बघायचेच नाहीत. ऐकायला सोपा वाटतो, पण पैसे आपले जात असताना कोणी पाळत नाही. दुसरा उपाय मला जास्त व्यवहारी वाटतो. A/B टेस्टच्या गणितावर लिहिणाऱ्या इव्हान मिलर यांनी २०१५ मध्ये तो अगदी साध्या रूपात मांडला: एकूण मर्यादा आधी ठरवा, तिच्या वर्गमुळाला २.२५ ने गुणा, आणि दोन आकड्यांतला फरक त्या रेषेला पोहोचेल तेव्हाच थांबा. रोज बघा, तासातासाला बघा, चालेल. ती रेष डोकावण्याचा हिशेब धरूनच जराशी उंच ठेवलेली आहे. मर्यादेपर्यंत फरक रेषेला पोहोचलाच नाही तर बरोबरी.

४०० चं वर्गमूळ २०, त्याला २.२५ ने गुणलं की ४५. म्हणजे नियम असा झाला: एक क्रिएटिव्ह दुसरीच्या ४५ नोंदण्या पुढे गेली तर ती जिंकली, एकूण ४०० झाल्या आणि तसं घडलं नाही तर निकाल नाही. लक्षात घ्या, रेष ४०० वरून काढायची, त्या दिवशीच्या बेरजेवरून नव्हे.

आता तिसऱ्या दिवसाचे ते २७ आणि १४ पुन्हा बघा. फरक १३, रेष ४५. चर्चाच नको.

चालू टेस्टमध्ये दोनच गोष्टी तपासत राहा. पहिली, खर्च. दोन्हीकडचा एकूण खर्च दोन-तीन टक्क्यांच्या आत सारखा आहे का? नसेल तर ऑर्डरची थेट तुलना खोटी ठरते. ‘ब’ दोन दिवस मंजुरीत अडकली आणि ‘अ’ चालू राहिली, असं झालं तर टेस्ट रद्द करून दोन्ही एकत्र पुन्हा सुरू करा. मधल्या दोन दिवसांची भरपाई नंतर बजेट वाढवून करू नका, कारण ते दिवस परत येत नाहीत. पोहोच, म्हणजे किती लोकांना जाहिरात दिसली, ती मात्र दोन्हीकडे वेगळी असली तरी घाबरू नका. एखादी क्रिएटिव्ह प्लॅटफॉर्मवर स्वस्तात दाखवली जात असेल तर तो तिचाच गुण आहे आणि तो निकालात यायलाच हवा.

दुसरी गोष्ट, लर्निंग फेज. मेटावर ॲड सेटमध्ये मोठा बदल केल्यावर साधारण आठवडाभरात ५० कन्व्हर्जन जमेपर्यंत वितरण अस्थिर राहतं. बजेट वाढवणं, प्रेक्षक बदलणं, मजकुरात एखादी दुरुस्ती, यांनी हे चक्र पुन्हा सुरू होऊ शकतं. म्हणून टेस्टमध्ये शुद्धलेखनाची चूक दिसली तरी हात आवरा. आणि चूक राहू देण्याजोगी नसेलच तर दोन्ही बाजू थांबवून नव्याने सुरू करा.

वेळेच्या बाबतीत नेहमी पूर्ण आठवड्यांत मोजा. लोक कामाच्या दिवशी जसे वागतात तसे सुट्टीच्या दिवशी वागत नाहीत, आणि व्हिडिओ सुट्टीला जास्त पाहिला जात असेल तर शुक्रवारी संपणारी टेस्ट त्याच्यावर अन्याय करते. मधल्या वारी रेष ओलांडली गेली तरी तो आठवडा पूर्ण होऊ द्या. जाहिराती बंद केल्यावरही आणखी सात दिवस थांबून मगच शेवटचे आकडे घ्या, कारण शेवटच्या दिवसांत क्लिक केलेल्यांच्या ऑर्डर अजून यायच्या असतात. विचार करून घेण्याची वस्तू असेल तर हे विशेष जाणवतं.

पायरी ५: निकाल वाचा

आपली टेस्ट पुढे अशी गेली असं समजा. सातव्या दिवशी ‘अ’ ५७, ‘ब’ ४४. चौदाव्या दिवशी १०२ आणि ९७. चौथ्या आठवड्याच्या शेवटी ‘अ’ १९२ आणि ‘ब’ २०८, एकूण ४००. तिसऱ्या दिवशी दुप्पट वाटणारी ‘अ’ शेवटी सोळाने मागे पडली. यात काहीच विचित्र घडलेलं नाही. सुरुवातीची आघाडी नुसती नाणेफेक होती आणि आकडे वाढले तशी ती विरली.

सोळाचा फरक ४५ च्या कुठेच जवळ नाही. बरोबरी. पण बरोबरी म्हणजे दोन्ही क्रिएटिव्ह एकसारख्या आहेत असं नव्हे, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. या आकड्यांवरून एवढंच म्हणता येतं की ‘ब’ ही ‘अ’पेक्षा साधारण ११ टक्के वाईट ते ३२ टक्के सरस यांच्या दरम्यान कुठेतरी असावी. दुप्पट फरक नक्की नाही. दहा टक्क्यांचा आहे की नाही, ते या टेस्टने सांगितलेलं नाही आणि सांगणंही शक्य नव्हतं.

अशा वेळी मर्यादा ४०० वरून ६०० करून ‘अजून थोडं बघू’ असं करू नका. निकाल आवडेपर्यंत मुदत वाढवत नेणं हे डोकावण्याचंच दुसरं रूप आहे. जी करायला स्वस्त, जी सांभाळायला सोपी, ती ठेवा आणि पुढचा पैसा जास्त वेगळ्या कल्पनेवर लावा. आपल्या वर्गाचे मालक ‘अ’ ठेवतात आणि तिच्यासमोर ‘क’ आणतात: एका विद्यार्थिनीचा हात कोऱ्या कागदापासून पूर्ण चित्रापर्यंत जातो, वेग वाढवलेला, आवाज नाही. मर्यादा पुन्हा ४००, रेष पुन्हा ४५.

यावेळी सतराव्या दिवशी ‘क’ १४० आणि ‘अ’ ९५. फरक बरोबर ४५. रेष गाठली. एकविसाव्या दिवशी आठवडा पूर्ण करून थांबायचं, उशिरा येणाऱ्या ऑर्डरसाठी आठवडा वाट पाहायची, खर्च दोन्हीकडे सारखा झालाय आणि रजिस्टरचे आकडे जुळतायत याची शेवटची खातरजमा करायची, आणि ‘क’ विजेती.

इथे दोन सावधगिरी. ‘क’ ४७ टक्के सरस दिसते, पण पुढच्या महिन्यात तितकी सरस राहील अशी अपेक्षा ठेवू नका. हा आकडा ती रेषेपर्यंत पुढे गेली नेमका त्या क्षणाचा आहे, त्यामुळे मोजलेली आघाडी खऱ्या आघाडीपेक्षा फुगलेली असण्याचीच शक्यता जास्त. विजेती खरी असते, तिचा आकडा फुगीर असतो. क्लायंटला सांगताना ‘निम्म्याने वाढेल’ म्हणू नका, ‘सरस आहे’ म्हणा.

दुसरी गोष्ट थोडी खोल आहे. प्लॅटफॉर्मने लोकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले असले, तरी प्रत्येक गटातल्या नेमक्या कोणाला जाहिरात दाखवायची हे पुन्हा अल्गोरिदमच निवडतो, आणि क्रिएटिव्ह बघून निवडतो. शिक्षिकेचा व्हिडिओ तो कदाचित मोठ्या वयाच्या लोकांना जास्त दाखवेल, हाताचा व्हिडिओ तरुणांना. म्हणून ‘क’ जिंकली याचा अर्थ ‘लोकांना चेहऱ्यापेक्षा हात आवडतो’ असा होत नाही. या प्लॅटफॉर्मवर, या बजेटमध्ये, तो निवडतो त्या लोकांसह ‘क’ जास्त नोंदण्या आणते, एवढाच होतो. पैसा कुठे लावायचा हे ठरवायला तेवढं पुरेसं आहे. त्यावरून वेबसाइटचा मुखपृष्ठ फोटो किंवा छापील पत्रक बदलायचं असेल तर पुरेसं नाही. रिपोर्टमध्ये वय आणि लिंगानुसार खर्चाची विभागणी उघडून बघा. ती दोन्हीकडे सारखी असेल तर निष्कर्ष जरा मोकळेपणाने काढता येतो. मात्र त्या विभागणीत शिरून ‘पस्तिशीच्या वरच्यांत ‘अ’ जिंकली’ असले उपनिकाल काढत बसू नका. त्या तुकड्यांत वीस-तीस ऑर्डर असतात, आणि इतक्या थोड्या संख्येवर हे सूत्र लावण्यात अर्थ नसतो.

सूत्राची आणखी एक मर्यादा आहे. ते ऑर्डर मोजतं, रक्कम नाही. सगळ्या नोंदण्यांची फी एकच असेल तर प्रश्न नाही. पण एक गिऱ्हाईक इतरांच्या वीसपट खरेदी करू शकत असेल, तर संख्येत जिंकलेली क्रिएटिव्ह कमाईत हरलेली असू शकते, आणि कमाईची तुलना करायला बरीच जास्त माहिती लागते. तेव्हा निदान दोन्हीकडची सरासरी रक्कम एकदा नजरेखालून घाला, आणि सर्वात मोठ्या दोन-चार ऑर्डर वगळल्यावर चित्र बदलतं का तेही बघा.

जमलं तर वर्षातून एकदा एकच क्रिएटिव्ह ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन्ही जागी टाकून हीच टेस्ट चालवा. फरक रेषेला पोहोचता कामा नये. पोहोचला तर एकतर नशीब खराब, कारण वीसात एकदा तसं होतंच, नाहीतर तुमच्या मांडणीत किंवा मोजणीत गळती आहे. पुन्हा चालवूनही तसंच दिसलं तर गळतीच धरा: आधी पिक्सेल, मग प्रेक्षकांतून वगळलेल्या याद्या, मग दोन्ही ॲड सेटच्या सेटिंग ओळीने तपासा.